पोहण्यामुळे कान सुजलाय, ड्रॉप घातले की घशात कडू लागतं. बाटली बदलायची का?

मृण्मयी_ठाणे | गुरुवार, रात्री ९:४०

मुलगा १३ वर्षांचा, वजन ४० किलो. उन्हाळी पोहण्याच्या शिबिराला जातो. रविवारी उजवा कान दुखायला लागला. पाळी ओढली की ओरडतो, जेवताना चावलं तरी ठणकतं. मंगळवारी जवळच्या मेडिकलमधून ड्रॉप आणले, बाटलीवर जेंटामायसिन आणि बीटामेथासोन लिहिलंय. बुधवारी सकाळी थेंब घातल्यावर दोन मिनिटांत म्हणाला, "आई, घशात कडू लागतंय." संध्याकाळीही तेच.

आज ईएनटीकडे गेलो. नळी इतकी सुजली आहे की पडदा दिसतच नाही, असं ते म्हणाले. नळीत छोटी वात बसवली आणि सिप्रोफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनचे थेंब दिले, ४-४ सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. वात दोन दिवसांनी बदलणार आहेत. गर्दी होती, कडू चवीचं सांगायचं राहूनच गेलं.

तीन प्रश्न. आधीची बाटली अजून भरलेली आहे, ती सोबत चालू ठेवू का? तोंडी अँटिबायोटिक दिलं नाही, ते बरोबर आहे का? आणि शिबिराचे दहा दिवस उरलेत, इअरप्लग लावून पाठवला तर चालेल का?

---

आप्पा_सावंतवाडी | ९:५८

कडू लागलं म्हणजे औषध आतपर्यंत पोचलं, चांगलंच आहे की. कान, नाक, घसा सगळं आतून जोडलेलंच असतं. आमच्याकडे कानात पाणी गेलं की व्हिनेगर आणि स्पिरिट निम्मं निम्मं करून दोन थेंब टाकतात, कान खडखडीत कोरडा होतो. औषधाची गरजच पडत नाही.

---

शंखपाळ | १०:२५

आप्पा, जोडलेलं असतं हे खरं, पण मध्ये पडदा आहे. बाहेरची नळी पडद्यापाशी संपते. घशाकडे जाणारी वाट पडद्याच्या पलीकडून, मधल्या कानातून निघते. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेला थेंब घशात पोचायला रस्ताच नाही. तेव्हा थेंबानंतर मिनिटा-दोन मिनिटांत जिभेच्या मुळाशी कडू लागलं, तर पडद्याला भोक आहे असं धरून चालायचं. तीस वर्षं कान पाहिल्यावर सांगतो, पडदा दिसत नसतो तेव्हा या एका वाक्याचा फार उपयोग होतो. मृण्मयीताई, उद्या सकाळी फोन करून डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आता तुमचे प्रश्न. जुनी बाटली बंद. जेंटामायसिन, निओमायसिन, फ्रामायसेटिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. नळीच्या कातडीवर ती उत्तम काम करतात. पण पडद्याला भोक असेल तर ती मधल्या कानात उतरतात, आणि तिथून आतल्या कानाकडे जाणारी एक खिडकी फक्त पातळ पापुद्र्याने झाकलेली असते. जेंटामायसिन तोल सांभाळणाऱ्या पेशी मारतं. मेनियर नावाच्या आतल्या कानाच्या आजारात रुग्णांची चक्कर थांबवण्यासाठी आम्ही मुद्दाम पडद्यातून जेंटामायसिन टोचतो, ते याच गुणामुळे. जे औषध तोलाचं यंत्र बंद पाडायला वापरतात, ते पोराच्या कानात दिवसातून दोनदा कशाला? निओमायसिन ऐकण्याच्या पेशींवर जास्त जातं.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन यांचा असा त्रास नाही. पडदा दिसत नसेल तर तो फाटलाय असं समजून हीच निवडायची. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलंय, कडू चवीचं त्यांना माहीत नसतानाही. जे चार-सहा थेंब गेले त्याने कान गेला असं बिलकुल समजू नका. इतक्या थोड्या वेळात सहसा काही होत नाही. पण चक्कर, चालताना तोल जाणं किंवा कानात नवीन शिट्टी वाजायला लागली तर त्याच दिवशी दाखवा.

तोंडी गोळी न देणं बरोबरच. ०.३ टक्के थेंब म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम औषध, थेट जखमेवर. गोळी पोटातून, रक्तातून फिरून त्या कातडीपर्यंत पोचते तेव्हा त्याच्या आसपासही नसते. पोहणाऱ्यांच्या कानात बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जीवाणू असतो, आणि मेडिकलवर सहज मिळणाऱ्या अमॉक्सिसिलिनला तो भीक घालत नाही. लाली पाळीवर किंवा गालावर पसरली, ताप आला, किंवा मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी.

---

औषधपेटी_मिरज | १०:५१

मेडिकल दुकान चालवतो, म्हणून बाटलीबद्दल थोडं.

सिप्रो-डेक्साच्या बऱ्याच बाटल्यांवर "डोळे/कान" असं दोन्ही लिहिलेलं असतं. घाबरू नका. डोळ्याचं औषध निर्जंतुक असतं, ते कानात चालतं. फक्त "कान" लिहिलेलं मात्र डोळ्यात कधीच घालायचं नाही. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १०० थेंब निघतात. ४ थेंब दोनदा, ७ दिवस म्हणजे ५६. एका बाटलीत कोर्स पुरतो, थोडे उरतातच. झाकण उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा आणि महिन्याने उरलेलं टाकून द्या. पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवू नका. याच उरलेल्या बाटल्यांमुळे लोक पुढच्या वेळी न दाखवता सुरू करतात.

आणि जेंटामायसिनचे ड्रॉप चिठ्ठीशिवाय द्यायला नको होते. आमच्या धंद्यात हे होतं, लपवण्यात अर्थ नाही.

---

लेस्टरची_वैदेही | शुक्रवार, पहाटे ३:१२

मी इथे इंग्लंडमध्ये ईएनटी क्लिनिकमध्ये नर्स आहे. शंखपाळ सरांशी बरीचशी सहमत, पण एक मुद्दा. इकडे पडद्याला भोक असलं आणि पू स्पष्ट वाहत असला, तरी डॉक्टर जेंटामायसिनसारखे थेंब देतात. अट अशी की दोन आठवड्यांच्या वर नाही, आणि कान कोरडा झाला की लगेच थांबवायचे. कारण असं सांगतात की पू असताना त्या खिडकीवरचं अस्तर सुजून जाड झालेलं असतं, औषध आत झिरपत नाही. शिवाय वाहता कान तसाच ठेवला तर त्यानेही ऐकू येणं कमी होतं.

---

शंखपाळ | सकाळी ७:०५

वैदेही, बरोबर. हा वाद आमच्यातही आहे आणि मिटलेला नाही. अमेरिकेतल्या ईएनटी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना मात्र पडदा फाटलेला असला किंवा फाटल्याची शंका असली तरी कानाला इजा न करणारे थेंबच वापरा असं सांगतात. माझा कल तिकडे. तुमच्याकडे प्रत्येक रुग्णाचा कान सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने साफ होतो, तारखेला परत बोलावतात. आपल्याकडे माणूस बाटली घेऊन जातो आणि दुखायचं थांबलं तरी महिनाभर घालत राहतो. सूज उतरली की ती खिडकी पुन्हा उघडी, आणि थेंब चालूच. धोका तिथे आहे. सिप्रो तितक्याच पैशांत मिळत असताना मी ही जोखीम घेणार नाही.

---

मृण्मयी_ठाणे | ७:४०

फोन केला. डॉक्टर म्हणाले, तेच थेंब चालू ठेवा, कडू लागतं हे केसपेपरवर लिहून घेतो. थेंब कसे घालायचे ते कोणी नीट सांगेल का? काल अर्धे मानेवरून ओघळले.

---

लेस्टरची_वैदेही | ८:२०

आधी बाटली मुठीत दोन-तीन मिनिटं धरून कोमट करा. गार थेंब पडला तर भोवळ येते, मग पोर पुढच्या वेळी कान देत नाही. गरम पाण्यात बाटली बुडवू नका, जास्त तापली तरी भोवळ येतेच.

त्याला डाव्या कुशीवर झोपवा, उजवा कान वर. या वयात पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर खाली आणि मागे. सध्या पाळी दुखतेय, म्हणून अगदी हलक्या हाताने. थेंब थेट भोकाच्या मधोमध नको, नळीच्या एका भिंतीवरून सोडा, म्हणजे आतली हवा बाहेर निघायला जागा राहते. मधोमध टाकलं की हवेचा बुडबुडा अडतो आणि औषध उलटं बाहेर येतं. काल बहुतेक हेच झालं असेल.

वात आहे तोवर थेंब वातीच्या टोकावर टाका. ती स्पंजसारखी शोषून आत पोचवते. मग पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. वात नसेल तेव्हा कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, तो बोटाने चार-पाच वेळा हलकेच दाबायचा. उठल्यावर बाहेर आलेलं टिश्यूने पुसा, पण कापसाचा बोळा आत खुपसून ठेवू नका. औषध तोच पिऊन टाकतो. आणि बाटलीचं टोक कानाला टेकू देऊ नका.

---

पंढरी_पोहणारा | ११:१५

मलाही दर पावसाळ्यात हाच त्रास. खाज इतकी की बड घातल्याशिवाय चैन पडत नाही. मीही सिप्रोचे थेंब आणतो, आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. या वेळी तीन आठवडे घातले, तर खाज वाढलीच. म्हणजे सिप्रो चालत नाही ना?

---

शंखपाळ | दुपारी १:३०

पंढरी, तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. या मुलाला दुखणं जास्त, तुम्हाला खाज जास्त. दमट हवेत आणि लांबलेल्या अँटिबायोटिक थेंबांनंतर नळीत बुरशी धरते. जीवाणू मेले की तिला मैदान मोकळं, आणि थेंबात स्टेरॉइड असेल तर आणखी सोय. आत पाहिलं तर ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. सिप्रोचा तिथे काही उपयोग नाही. आधी तो लगदा साफ करून घ्यावा लागतो, मग क्लोट्रिमाझोल, तेही खाज थांबल्यावर काही दिवस जास्त. बड तर कायमचा फेका. जो मळ तुम्ही काढताय, तोच पाणी अडवतो आणि नळी किंचित आम्ल ठेवतो. तो गेला की पाणी कातडीत मुरतं, कातडी भिजून फुगते, बडाचा ओरखडा पडतो आणि दार उघडं.

---

आप्पा_सावंतवाडी | २:१०

म्हणजे माझं व्हिनेगर बरोबरच की. आम्ल!

---

शंखपाळ | २:३५

निम्मं बरोबर, आप्पा. पडदा शाबूत, कातडी निरोगी आणि पोहून आल्यावर लगेच, या तीन अटींवर ते दोन थेंब कान सुजू नये म्हणून उपयोगी पडतात. सुजल्यानंतर ते जखमेवर मीठ. आणि भोक असेल तर स्पिरिट मधल्या कानात जाऊन माणूस किंचाळेल. या मुलाच्या कानात तर अजिबातच नको. कोमट तेल आणि लसूण हे कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, तेही नको. तेलाचा थर बसला की वरून घातलेले थेंब कातडीला लागतच नाहीत.

---

औषधपेटी_मिरज | ४:००

एक भर. कान दुखतो म्हणून लोक मळ विरघळवणारे थेंब मागतात, किंवा चार औषधं एकत्र असलेली बाटली, ज्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं. पडद्यावर शंका असेल तर दोन्ही नकोत. लिग्नोकेन मधल्या कानात गेलं की गरगरायला लागतं. शिवाय दुखणं झाकलं गेलं की कान सुधारतोय की बिघडतोय हे कळत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पोटातून द्या. ४० किलोला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. पहिले दोन दिवस दुखण्याची वाट न पाहता वेळेवर दिलीत तर रात्री झोपेल.

---

मृण्मयी_ठाणे | रविवार, सकाळी १०:०५

काल संध्याकाळी वात बदलायला जायचं होतं, पण सकाळी उशीवर वात आपोआप पडलेली सापडली. दुखणं निम्म्यावर आलंय. पण आज नळीतून थोडं चिकट, तार धरणारं पाणी आलं. हे बिघडल्याचं लक्षण आहे का?

---

शंखपाळ | १०:४०

वात पडणं चांगलं. सूज उतरली, नळी रुंद झाली, म्हणून ती टिकली नाही. थेंब आता वातीशिवाय आत जातील. ४८ ते ७२ तासांत दुखणं कमी व्हायला हवं होतं, ते झालंय. तसं झालं नसतं तर मी "औषध बदला" म्हणायच्या आधी "औषध पोचतंय का" ते पाहिलं असतं. बहुतेक वेळा पू आणि पापुद्र्यांनी नळी बुजलेली असते आणि थेंब त्यांच्यावर तरंगत राहतात.

तार धरणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. नळीच्या कातडीत शेंबडासारखा स्राव करणाऱ्या ग्रंथी नाहीत. त्या मधल्या कानाच्या अस्तरात असतात. म्हणजे कडू चव आणि तार, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्याला लहानपणी कधी कान फुटला होता का? नाक शिंकरताना कानातून हवा निघाल्यासारखी शिट्टी वाजते का? हे विचारा, पण मुद्दाम जोराने शिंकरायला लावू नका.

थेंबाच्या आधी कापूस पिळून वातीसारखा करा, नळीच्या तोंडाशी फिरवून पाणी टिपून घ्या, मग थेंब. फक्त दिसतं तेवढ्याच भागात. आत पिचकारी मारून धुणं तर अजिबात नाही.

---

मृण्मयी_ठाणे | ११:३०

पाच वर्षांचा असताना सर्दीनंतर कान वाहिला होता, दोन आठवड्यांत थांबला. मग परत कधी दाखवलंच नाही. शिट्टीचं विचारलं तर म्हणतो, "ती तर नेहमीच वाजते." इतकी वर्षं बोलला नाही!

---

हर्षद_नाशिक | दुपारी १२:१५

वडील ७२, मधुमेह आहे. त्यांनाही कानात असंच होतंय, तीन आठवडे झाले, रात्री दुखणं वाढतं. हेच थेंब चालतील का?

---

शंखपाळ | १२:२८

हर्षद, या धाग्यावर थांबू नका. उद्या सकाळीच ईएनटीकडे न्या. मधुमेह, तीन आठवडे आणि रात्री वाढणारं दुखणं असं एकत्र आलं की इन्फेक्शन कातडीतून हाडात उतरलंय का ते पाहावं लागतं. त्याला थेंब पुरत नाहीत, आठवडेच्या आठवडे पोटातून किंवा शिरेतून औषध लागतं. तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर उद्याचीही वाट पाहू नका, आजच इस्पितळ.

---

मृण्मयी_ठाणे | पुढचा शुक्रवार, रात्री ८:५०

सात दिवसांचा कोर्स झाला. आज डॉक्टरांनी कान साफ केला, नळी मोकळी आहे, पडदा दिसला. खालच्या पुढच्या भागात छोटं, कोरडं भोक. कडा जुन्या वाटतात म्हणाले. थेंब बंद केले. दोन आठवड्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. शिबिराचे उरलेले दिवस सोडूनच दिले. आता अंघोळीचं काय करायचं, आणि पुढच्या वर्षी पोहायचं की नाही?

---

लेस्टरची_वैदेही | शनिवार, पहाटे २:४५

अंघोळीला कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये चांगला चोळून कानाच्या तोंडाशी बसवा, आत नाही. नुसता कापूस लावलात तर तो पाणी ओढून आत नेतो. डोक्यावरून पाणी शेवटी, तेही मान दुसऱ्या बाजूला कलती करून. बाहेर आल्यावर बोळा काढा, टॉवेलने फक्त पाळी पुसा. ओल वाटली तर हेअर ड्रायर सर्वात कमी तापमानावर, हातभर अंतरावरून अर्धा मिनिट. हेडफोनची कानात घुसणारी बोंडं निदान दोन आठवडे नकोत.

पोहण्याबद्दल, आमच्याकडे साच्यावर बनवलेले इअरप्लग आणि वर घट्ट पट्टी लावून पृष्ठभागावर पोहायला बरेच डॉक्टर परवानगी देतात. सूर मारणं आणि खोल जाणं नाही.

---

शंखपाळ | सकाळी ७:२०

इथे मी थोडा कडक आहे. १३ वर्षांच्या मुलाला "सूर मारू नको" सांगून तो ऐकणार आहे का? प्लग खोल पाण्यात सरकतोच. आधी ऑडिओमेट्री होऊ द्या. तीन महिन्यांनीही भोक तसंच असेल, आणि आठ वर्षांचं जुनं असल्याने तसंच असण्याची शक्यता जास्त, तर पडद्याला ठिगळ लावायच्या शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांकडे काढा. तोवर पोहणं बंद ठेवावं असं मला वाटतं. वैदेहीचं मत चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

एक मात्र करा. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: उजव्या पडद्याला भोक. पुढच्या वेळी कान दुखला आणि कोणी बाटली हातात दिली, तर घालायच्या आधी हे त्यांना दाखवा.

---

आप्पा_सावंतवाडी | ७:५५

मृण्मयीताई, व्हिनेगरचं मागे घेतो. पण पंढरीला चालेल ना?

---

शंखपाळ | ८:०२

पंढरीचा पडदा कोणी पाहिलाय का, आप्पा?